कट फेकण्याबद्दलच्या प्रतिक्रियेला उत्तर

‘ताई, उकळलं की जीवनसत्त्वं मरतातच, मग त्या पाण्यात राहतं काय? उगाच बायकांना घाबरवू नका. किडनीच्या पेशंटना तर डॉक्टरच भाजीचं पाणी टाकायला सांगतात. आधी अभ्यास करा, मग लिहा.’

‘आधी अभ्यास करा’ हे शेवटचं वाक्य नसतं, तर मी दोन ओळींत उत्तर देऊन मोकळी झाले असते. याच पुण्यात मी आयुष्यभर आहारशास्त्र शिकवलं. पहिल्या वर्षाच्या पोरींनीही मला कधी या सुरात विचारलं नाही. आणि घाबरवलं कुणी? कट मोरीत ओतू नका, एवढंच लिहिलं होतं.

किडनीचं तुम्ही म्हणता ते बरोबर. त्या रुग्णांनी डॉक्टर सांगतील तसंच करावं. पण डॉक्टर पाणी टाकायला का सांगतात? भाजीतलं पोटॅशियम त्यात उतरतं म्हणून! ते मूलद्रव्य आहे, तासभर उकळलं तरी नष्ट होत नाही, फक्त भाजीतून पाण्यात जातं. पाण्यात राहतं काय, ते तुमच्याच तिसऱ्या वाक्यात आहे, महाशय.

आता ‘मरतातच’. उष्णतेनं नासणं वेगळं आणि पाण्यात विरघळून जाणं वेगळं. क जीवनसत्त्वाचं दोन्हींनी नुकसान होतं, हे खरं. पण फोलेटचं बघा. पालक भरपूर पाण्यात उकळून पाणी काढून टाकलं, तर साधारण निम्मं फोलेट जातं. तोच पालक थोडा वेळ वाफवला, तर जवळजवळ सगळं टिकतं. उष्णता तर दोन्हीकडे होती. मग गेलं कुठे? पाण्यात. गाजरातलं कॅरोटीन किंवा डाळीतली बहुतेक प्रथिनं पाणी टाकलं तरी जात नाहीत, आणि ती जातात असं मी लिहिलेलंही नाही.

पुरणाचंच घ्या. वाटीभर चणाडाळ चार वाट्या पाण्यात शिजवून चाळणीत उपसली, की खाली पिवळट कट उरतो. गार झाला की तो आणखी दाट होतो. नुसतं पाणी असं दाटत नाही, त्यात डाळीतला स्टार्च आणि थोडी प्रथिनं उतरलेली असतात, शिवाय पोटॅशियम आणि ब गटातली जीवनसत्त्वं. सदाशिव पेठेतल्या आमच्या घरी होळीला हा कट वाया गेलेला मी कधीच पाहिला नाही. आईची कटाची आमटी पोळीइतकीच मानाची.

डाळ भिजवलेलं पाणी मात्र खुशाल टाका, वायू करणाऱ्या साखरा त्यात उतरतात. मूतखड्याचा त्रास असेल तर पालकाचं पाणीही टाका, त्यात ऑक्झॅलेट येतं. रोजच्या वरणाचा तर प्रश्नच नाही. कुकरमध्ये डाळ ज्या पाण्यात शिजते, त्यातच आपण ती घोटतो.

तुमच्या उरलेल्या टोमण्यांत मला जायचं नाही. फक्त डाळ लवकर शिजावी म्हणून त्यात सोडा टाकत असाल, तर ते थांबवा. सोड्यानं ब१ भांड्यातच नासतं, मग पाणी राखूनही ते मिळत नाही.