जड रेडियल भार आणि दोन्ही टोकांना रोलर बेअरिंग: एक प्रतिवाद

«शाफ्टवर रेडियल भार जड असेल तर दोन्ही टोकांना रोलर बेअरिंगच बसवा. त्याच मापात रोलर दुप्पट भार पेलतो, म्हणजे आयुष्यही दुप्पट मिळते. बॉल बेअरिंग हलक्या कामासाठी असते.»

आधी आयुष्याचा मुद्दा घेऊ, कारण त्यातली भार-क्षमतेची बाजू बरोबर आहे, पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. ५० मिलिमीटर बोअर, ९० मिलिमीटर बाहेरचा व्यास आणि २० मिलिमीटर रुंदी या एकाच मापात ६२१० हे डीप ग्रूव्ह बॉल बेअरिंग आणि एनयू २१० हे सिलिंड्रिकल रोलर बेअरिंग मिळते. त्यांची डायनॅमिक क्षमता अनुक्रमे सुमारे ३५ आणि ७० किलोन्यूटन असते. नेमका आकडा उत्पादकागणिक थोडा बदलतो. मात्र आयुष्य क्षमतेच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. क्षमतेला प्रत्यक्ष भाराने भागून येणाऱ्या गुणोत्तराचा बॉलसाठी ३ वा घात आणि रोलरसाठी १०/३ घात घेतला की दशलक्ष फेऱ्यांमधले मूलभूत आयुष्य मिळते. हे आयुष्य म्हणजे तशा बेअरिंगांपैकी ९० टक्के जिथपर्यंत टिकतील असे मानले जाते ती मर्यादा.

आता एक शाफ्ट घेऊ. दोन बेअरिंगांमधले अंतर ३०० मिलिमीटर आहे, पुली एका बेअरिंगच्या १०० मिलिमीटर बाहेर बसवली आहे, पट्ट्याची ओढ ६ किलोन्यूटन आहे आणि वेग मिनिटाला १४५० फेरे आहे. शाफ्टचे वजन सोडून दिले, तर पुलीजवळच्या बेअरिंगवर ८ किलोन्यूटन भार येतो, कारण शाफ्ट तरफेसारखा वागतो. दूरच्या बेअरिंगवर उलट दिशेने फक्त २ किलोन्यूटन येतो. पुलीजवळ ६२१० बसवले तर हिशेबाने सुमारे ९६० तास मिळतात आणि एनयू २१० बसवले तर सुमारे १५,९०० तास. हा फरक दुपटीचा नसून सोळापटीहून अधिक आहे. या टोकाला रोलरच हवा, हे मलाही मान्य आहे.

दूरच्या टोकाला मात्र हाच तर्क उलटा पडतो. तिथे २ किलोन्यूटन भाराखाली ६२१० चे आयुष्य सुमारे ६१,००० तासांहून अधिक भरते, म्हणजे अधिक क्षमतेची गरजच उरत नाही. उलट रोलर बेअरिंगला किमान भार लागतो. ढोबळ नियमाने तो क्षमतेच्या २ टक्के, म्हणजे इथे १.४ किलोन्यूटन असावा. यंत्र अर्ध्या भारावर चालले आणि पट्ट्याची ओढ निम्मी झाली, तर दूरच्या टोकाला १ किलोन्यूटनच उरतो. तेव्हा रोलर लोळण्याऐवजी घसरू लागतात, वंगणाची फिल्म फाटते आणि रेसवर ओरखडलेले, फासल्यासारखे डाग उमटतात. भार जास्त झाल्यामुळे बेअरिंग गेले असे समजून आणखी मोठे रोलर बसवणे ही इथली सर्वांत महाग चूक ठरते, कारण त्याला लागणारा किमान भार तर आणखी मोठा असतो.

दुसरा प्रश्न अक्षीय दिशेचा आहे. एनयू प्रकारात आतल्या रिंगला कडा नसतात, त्यामुळे शाफ्ट तिच्यासह रोलरांमधून लांबीच्या दिशेने सरकू शकतो. हा दोष नसून सोय आहे: शाफ्ट तापून लांबला की ती वाढ याच टोकाला सामावते. पण दोन्ही टोकांना एनयू बसवले तर शाफ्टला अक्षीय दिशेने धरणारे काहीच उरत नाही. दूरच्या टोकाला ६२१० बसवून त्याच्या दोन्ही रिंगा पक्क्या धरल्या की ते शाफ्टची जागा कायम राखते आणि दोन्ही दिशांचा माफक अक्षीय भारही घेते. जड रेडियल भाराच्या याच शाफ्टवर बॉल बेअरिंग असे नेमके काम करते, म्हणून त्याला हलक्या कामाचे म्हणून बाजूला सारणे मला पटत नाही.

शेवटचा मुद्दा सरळ रेषेचा आहे, आणि निवड करताना तोच सर्वाधिक विसरला जातो. रोलर रेसला रेषेत टेकतो, त्यामुळे शाफ्ट थोडा तिरका झाला की सगळा ताण रोलरच्या एका टोकाशी एकवटतो. एनयू २१० सारख्या बेअरिंगला साधारण ३ ते ४ कला, म्हणजे अंशाचा सुमारे पंधरावा ते विसावा भाग, इतकाच तिरकेपणा चालतो. ३०० मिलिमीटर अंतरावर ३ कला म्हणजे जेमतेम ०.२६ मिलिमीटर, आणि पुलीच्या ओढीने शाफ्टला येणारा बाकही त्यातच धरावा लागतो. ही मर्यादा ओलांडली, तर वर काढलेले १५,९०० तास कागदावरच राहतात. काढलेल्या बेअरिंगच्या रेसवर खड्डे एकाच कडेला असतील, तर कारण बहुधा तिरकेपणाच असते. दोन्ही हाउसिंग एकाच ओतीव अंगात एका बसवणीत बोअर केलेली असतील, तर वरची जोडणी योग्य आहे. ती वेगवेगळी, वेल्ड केलेल्या चौकटीवर बोल्टने बसवलेली असतील, तर पुलीच्या टोकाला सिलिंड्रिकलऐवजी स्फेरिकल रोलर बेअरिंग घ्यावे, कारण ते एका अंशाहून अधिक तिरकेपणा सहज सामावून घेते. मात्र ते एनयूप्रमाणे आतून सरकू देत नाही. म्हणून त्याची बाहेरची रिंग हाउसिंगमध्ये सरकती ठेवावी लागते, आणि ती जखडली तर तापलेल्या शाफ्टचा रेटा दोन्ही बेअरिंगांवर येतो.