«उत्तम. चालू द्या.»

«दादा, सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींनी लिहिलं की सोमवारपासून टँकर बंद, पाणी सकाळी एकच तास. त्यावर चौथ्या मजल्यावरच्या काकांचं उत्तर: ‘उत्तम. चालू द्या.’ हा टोमणाच ना? आता कमिटी म्हणते, यापुढे थट्टेच्या मेसेजला इमोजी सक्तीचा. तुमच्याकडे इंग्रज लोक सतत तिरकं बोलतात, त्यांचं कसं चालतं?» ठाण्याच्या घोडबंदर रोडवरून माझी आत्तेबहीण मधुरा विचारते.

आमच्याकडेही धड चालत नाही, मधुरा. मँचेस्टरच्या ऑफिसात सर्व्हर बसला की कोणीतरी ‘ब्रिलियंट’ लिहितो. तो टोमणा आहे हे सगळ्यांना कळतं, कारण सर्व्हर बसलाय हे सगळ्यांना दिसत असतं. पण तोच शब्द माझ्या रजेच्या अर्जाखाली आला, तर अर्धं ऑफिस विचारात पडतं. इंग्रज तिरकसपणात तरबेज असतात खरे, पण समोरासमोर. तिथे भुवया, आवाज, ओठांचा कोपरा, सगळं मदतीला येतं.

माझ्या शेजारच्या बाई विद्यापीठात भाषेचं मानसशास्त्र शिकवतात. त्यांनी मला क्रूगर, एपली आणि सहकाऱ्यांचा २००५ सालचा अमेरिकेतला प्रयोग सांगितला. काही वाक्यं गंभीरपणे आणि काही उपरोधाने ईमेलवर किंवा आवाजात पोचवायची होती. लिहिणाऱ्यांना वाटलं, समोरच्याला साधारण ७८ टक्के वेळा बरोबर कळेल. ईमेल वाचणाऱ्यांना कळलं ५६ टक्के, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा जेमतेम बरं. आवाज ऐकणारे बरेच पुढे होते. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते असं: लिहिताना आपल्या कानात आपलाच सूर वाजत असतो, म्हणून तो कागदावरही उतरलाय असा आपला समज होतो.

मधुराचं म्हणणं, पूर्णविराम दिला म्हणजे माणूस चिडलेला. हे अर्धं खरं आहे. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठाच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मेसेजमधल्या एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम असला तर विद्यार्थ्यांना ते उत्तर कमी मनापासूनचं वाटलं. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत मात्र फरक पडला नाही. पण ते विद्यार्थी होते. आयुष्यभर कचेरीत पत्रं लिहिलेला माणूस पूर्णविराम देणारच. म्हणून मी मधुराला काकांचे जुने मेसेज वर सरकवून बघायला सांगितलं. निघालं असं की गणपतीच्या फोटोंवर, लिफ्ट दुरुस्तीवर, कोणाच्या नातवाच्या बारशावरही काकांचं ‘उत्तम.’ आहेच, पूर्णविरामासकट. ‘चालू द्या’ मात्र कुठेच नाही. शंका घ्यायची तर ती या दोन शब्दांवर.

दुसरं, उत्तर नेमकं कशाला? काकांनी कुठलाच मेसेज धरून उत्तर दिलेलं नाही. टँकरच्या सूचनेनंतर दोन मिनिटांत बागेतले दिवे लागल्याची बातमी आली होती, आणि काकांचं उत्तर तिच्याही खाली आहे. दिव्यांसाठी ‘उत्तम. चालू द्या.’ अगदी सरळ बसतं, पाण्यासाठी वाकडं. वाईट बातमीला कौतुक जोडलं गेलं की आपण टोमणा धरतो; पण मुळात ते त्या बातमीला जोडलंय की नाही, हे आधी तपासायला नको का?

नवी मुंबईत, बेलापूरला राहणाऱ्या मामांनाही विचारलं. त्यांना प्रश्नच वेगळा ऐकू आला: «मोरबे धरण आमच्या महापालिकेचं आहे, ठाण्याने आधीच असं काही करायला हवं होतं.» असो.

कमिटीची सक्ती मला मान्य नाही. हात जोडलेला इमोजी आपल्याकडे नमस्कार असतो, आभार असतो आणि ‘बास करा आता’ही असतो. हसरा गोल चेहरा तर तरुण मुलं टोमण्यासाठीच वापरतात. खूण सक्तीची केली की लोक तिच्याआडूनही टोचणार. शिवाय खुणेशिवाय आलेला प्रत्येक मेसेज गंभीर धरायचा झाला, तर काकांसारख्यांचं काय?

इकडे एक गोष्ट बरी चालते, ती तिकडेही चालावी: सुराबद्दल न विचारता मजकुराबद्दल विचारायचं. ‘टोमणा मारताय का?’ म्हटलं की खरा टोमणा मारणाराही ‘छे, मनापासून लिहिलं’ म्हणून सुटतो, आणि ज्याने खरंच मनापासून लिहिलं तो दुखावतो. मधुराने काकांना वैयक्तिक मेसेज केला: «काका, तुम्हाला एक तास पाणी पुरेल का?»

उत्तर आलं: «आम्ही दोघंच. पिंप भरून ठेवू. तुमच्याकडे लहान मूल आहे, तुम्ही कमिटीला लिहा, मी सही करतो.»

पत्र गेलं. टोमणा होता की नव्हता हे त्यातूनही कळलं नाही. मधुरा अजून म्हणते होता, मला तो दिव्यांचा मेसेज वाटतो.