ब्रेकनंतर पुन्हा बोलायला जाताय? वक्ता-परिचयात ती वर्षं लिहा, पण एकाच वाक्यात

कॉन्फरन्सला प्रस्ताव पाठवताना वक्त्याचा परिचय तृतीयपुरुषी मागतात. पाच-सहा वर्षांचा ब्रेक घेतलेले चांगले अभियंते इथेच अडखळतात. काही जण ब्रेक पूर्ण लपवतात, तर काही जण सगळा परिचय त्याच्याभोवती फिरवतात. दोन्हीत नुकसान आहे, असं माझं ठाम मत आहे. हा मजकूर निवड समिती वाचते ती एकच प्रश्न मनात ठेवून: या विषयावर याच व्यक्तीला का ऐकायचं?

एक कल्पित उदाहरण घेऊ. वक्त्या डेटाबेस अभियंता आहेत, नावाच्या जागी 'क्ष' धरू. २००९ ते २०१८ नोकरी, मग २०२३ अखेरपर्यंत ब्रेक, २०२४पासून पुन्हा काम. भाषणाचा विषय आहे पोस्टग्रेसमधली जुनी पार्टिशन नव्या पद्धतीवर आणणं. असा परिचय हमखास येतो:

"क्ष या वरिष्ठ डेटाबेस अभियंता असून त्यांना १६ वर्षांचा अनुभव आहे. काही काळाच्या विश्रांतीनंतर त्या नव्या उमेदीने व्यासपीठावर परतत आहेत. नवं शिकणं ही त्यांची आवड आहे."

१६ हा आकडा २००९ ते २०२५ अशी सरळ वजाबाकी करून आलाय. लिंक्डइन उघडलं की मधली रिकामी वर्षं दिसतात, आणि मग परिचयातल्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही शंका येते. 'काही काळ' वाचून माणूस अंदाज बांधत बसतो. 'परतत आहेत' हे त्या दिवशी ठीक वाटतं, पण परिचय कॉन्फरन्सच्या साइटवर पुढे कित्येक वर्षं तसाच राहतो. म्हणून 'नुकत्याच', 'सध्या', 'गेली दोन वर्षं' असे शब्द काढून तिथे साल घाला. आणि भाषणाच्या विषयाबद्दल या तीन वाक्यांत एक अक्षरही नाही, ही तर सर्वांत मोठी उणीव.

या उदाहरणात ब्रेकची वर्षं विषयाशी थेट जोडलेली आहेत. पोस्टग्रेसची १०वी आवृत्ती २०१७च्या ऑक्टोबरात आली, तोवर पार्टिशन म्हणजे इनहेरिटन्स, चेक कन्स्ट्रेंट आणि ओळी योग्य तक्त्यात पाठवणारे ट्रिगर. १०व्या आवृत्तीत घोषित पार्टिशनिंग आलं, पण पार्टिशन केलेल्या मुख्य तक्त्यावर प्रायमरी की ११व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८पासून, देता येऊ लागली. क्ष यांनी जुनी पद्धत स्वतः राबवली आणि नवी पद्धत आज वापरतात. एवढंच लिहायचं आहे:

"क्ष डेटाबेस अभियंता आहेत. २०२४पासून त्या एका बिलिंग प्रणालीतली ट्रिगरवर चालणारी पार्टिशन पोस्टग्रेसच्या घोषित पार्टिशनिंगवर आणत आहेत. २००९ ते २०१८ या काळात त्यांनी अशीच ट्रिगरवाली पार्टिशन बांधली आणि सांभाळली. २०१८ ते २०२३ त्या नोकरीपासून दूर होत्या. २०१६मध्ये याच विषयावर त्यांनी भाषण दिलं होतं."

क्रम बघा. आधी आजचं काम, मग त्याला आधार देणारं जुनं काम, मग ब्रेक, शेवटी जुनं भाषण. ब्रेक पहिल्या वाक्यात आला तर सूत्रसंचालक त्यावरच दोन मिनिटं बोलतो आणि श्रोते कौतुकाच्या तयारीने बसतात. शेवटी टाकला तर परिचयाचा शेवट तोच होतो. तिसऱ्या-चौथ्या वाक्यात तो इतर माहितीसारखा वाचला जातो.

कारण लिहायचं का? सभागृहात अनोळखी माणसाने त्यावर प्रश्न विचारला तर शांतपणे उत्तर देता येईल, असं कारण असेल तर लिहा. नाहीतर साल पुरे. बाळंतपण, आजारपण, घरच्यांची काळजी यांपैकी कशाचाही खुलासा आयोजकांना देणं लागत नाही. ब्रेकमध्ये विषयाशी निगडित काही केलं असेल, समजा एखादा पॅच स्वीकारला गेला, तर तो जरूर घाला. चार ऑनलाइन कोर्सची यादी मात्र नको. तिने भर पडत नाही, उलट बचाव केल्यासारखं दिसतं.

जुन्या कंपनीचं नाव घालायचं तर क्रियापद भूतकाळी हवं. जुना परिचय कॉपी करताना 'काम करतात' तसंच राहून जातं, आणि त्या कंपनीतला कुणी ना कुणी श्रोत्यांत असतोच. पदनामही 'वरिष्ठ' आज असेल तरच.

वर दिलेला मजकूर साइटसाठी आहे. सूत्रसंचालकासाठी पहिली तीनच वाक्यं वेगळी पाठवा. मोठ्याने वाचून घड्याळ लावा, अर्ध्या मिनिटात बसली पाहिजेत. काही ठिकाणी पहिली फेरी नावं झाकून होते. तिथे प्रस्तावाच्या सारांशात 'माझ्या २०१६च्या भाषणात' असा उल्लेख राहिला तर ओळख उघड होते, म्हणून तो फक्त परिचयाच्या रकान्यात ठेवा.