राउटरला पिन टोचू नका

«क्लासच्या १० मिनिटं आधी हे करा, नेट रॉकेट होईल 🚀 राउटरच्या मागच्या भोकात पिन घालून १० सेकंद दाबा, रोज. अँटेनामागे फॉइल लावा. DNS मध्ये 8.8.8.8 टाका. आणि ३०० एमबीपीएसचा प्लॅन घ्या, त्याखाली लाइव्ह क्लास चालत नाही. सर्व पालकांना पाठवा 🙏»

पालकहो, हा मेसेज शनिवारी आपल्या बॅचच्या ग्रुपवर आला आणि रविवारच्या क्लासला इंदिरानगरची एक मुलगी दिसलीच नाही. आईनं पिन टोचली होती. फॉइलचं हसून सोडून देता येईल, पिनचं नाही.

ते भोक रीस्टार्टचं नाही, रीसेटचं आहे. १० सेकंद दाबलं की राउटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो. वायफायचं नाव आणि पासवर्ड जातात, ते एक वेळ परत टाकता येतात. पण जोडणीच्या दिवशी कंपनीच्या माणसानं आत भरलेलं PPPoE चं, म्हणजे कंपनीच्या लाइनवर लॉगिन होण्याचं, युजरनेम, पासवर्ड आणि लाइनचा VLAN नंबरही पुसला जातो. तो बहुतेकांकडे लिहिलेला नसतो. काही कंपन्यांचे राउटर ही माहिती लाइनवरून आपोआप परत घेतात, त्यामुळे शेजाऱ्यांचं चाललं म्हणून तुमचं चालेलच असं नाही.

त्या घरी नेमकं असंच झालं. फायबरच्या डब्यावर PON चा दिवा स्थिर हिरवा, LOS विझलेला, म्हणजे फायबरची वायर ठीक, सिग्नल येतोय. फक्त इंटरनेटचा दिवा पेटेना. याचा अर्थ लॉगिन गेलं. उलट LOS लाल लुकलुकत असेल, तर वायर तुटली किंवा वाकली आहे आणि तिथं कितीही पिना टोचल्या तरी उपयोग शून्य. लॉगिन गेलं असेल तर कंपनीला फोन करून "PPPoE परत टाकून द्या" एवढंच सांगा. आणि त्या दिवसाचा क्लास मोबाइलच्या हॉटस्पॉटवर.

एक मान्य करतो, अनेक दिवस सलग चालू असलेला राउटर कधी कधी अडकतो आणि बंद करून चालू केल्यावर सुटतो. पण तो बटणानं किंवा प्लग काढून, अर्धा मिनिट थांबून. पूर्ण सावरायला त्याला चार-पाच मिनिटं लागतात, म्हणून क्लासच्या अर्धा तास आधी करा. तेही रोज नको, अडकला तरच.

३०० एमबीपीएसचं म्हणाल तर झूमच्याच मदत-पानावर आकडे आहेत: ग्रुप कॉलमध्ये ७२०पी चित्रासाठी वर जायला २.६ आणि खाली यायला १.८ एमबीपीएस. मुलानं कॅमेरा बंद ठेवला तर जवळजवळ फक्त खाली येणारं उरतं, तासाला साधारण ८०० एमबी. म्हणजे हॉटस्पॉटवर दिवसाला दीड जीबीचा पॅकही एका तासाला पुरतो. मग ४० एमबीपीएसच्या घरातही क्लास का अडकतो? वेगामुळे नाही. एक तर वायफाय खोलीपर्यंत नीट पोचत नाही, नाहीतर घरातला कुणाचा तरी फोन त्याच वेळी फोटो-व्हिडिओचा बॅकअप वर चढवत असतो आणि वर जाण्याचा रस्ता तुंबतो. कुठलं कारण आहे ते विंडोज लॅपटॉपच्या Command Prompt मध्ये लिहिलेल्या दोन ओळींत कळतं. पहिला पत्ता राउटरचा, दुसरा घराबाहेरच्या नेटवरचा. तुमच्या राउटरचा वेगळा असेल तर `ipconfig` लिहून Default Gateway समोर बघा.

```
ping -n 20 192.168.1.1
ping -n 20 8.8.8.8
```

पहिल्या ओळीचे आकडे २ ते १० ms असावेत. ते मधेच १००-२०० वर उड्या मारत असतील किंवा Request timed out येत असेल, तर दोष घरातल्या वायफायचा. राउटर लोखंडी कपाटावर किंवा टीव्हीमागे असेल तर उघड्यावर घ्या. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतीआड तर सरळ लॅन केबल टाका. पहिली ओळ शांत आणि दुसरीच उड्या मारतेय, तर आधी सगळ्या फोनचे बॅकअप थांबवून परत बघा. तरीही उड्या मारल्या तर दोष लाइनचा, तक्रार करा.

फॉइल सिग्नल वाढवत नाही, एकीकडचा अडवून दुसरीकडे फेकते, त्यात मागच्या खोलीचं नेट जातं. DNS फक्त नावावरून पत्ता शोधतं. क्लास एकदा जोडला की त्याचं काम जवळजवळ संपलेलं असतं.

क्लास अडकला तर "नेट स्लो आहे सर" असं लिहू नका. या दोन ओळींच्या निकालाचा फोटो मला वैयक्तिक पाठवा. आणि तुमच्या PPPoE चं युजरनेम-पासवर्ड आजच कंपनीकडून मागून वहीत लिहून ठेवा.