आकाशिक रेकॉर्ड ‘उघडून’ घेण्याआधी

अलीकडे माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणींनी आकाशिक रेकॉर्ड रीडिंग करून घेतलं आहे. काहींनी कोर्स करून स्वतः रीडिंग द्यायलाही सुरुवात केली आहे. त्यातल्या कुणालाही मी भोळी किंवा मूर्ख म्हणणार नाही. कुणाचं माणूस अचानक गेलंय, कुणाचं मूल बोलेनासं झालंय, कुणाच्या संसारात वर्षानुवर्षं काहीतरी सलतंय. उत्तर हवं असणं यात काही गैर नाही. म्हणूनच हा विषय मी नीट वाचून काढला आणि आज सविस्तर लिहिते आहे.

मानणाऱ्यांचं म्हणणं थोडक्यात असं: जे जे घडलं, जो जो विचार कुणाच्या मनात आला, त्या सगळ्याची नोंद एका सूक्ष्म पातळीवर कायमची राहते. प्रत्येक आत्म्याची स्वतःची नोंद असते आणि परवानगी घेऊन ती वाचता येते. रीडिंग बहुतेक वेळा झूमवर किंवा फोनवर होतं. रीडर तुमचं कागदोपत्री असलेलं पूर्ण नाव विचारते, एक ठरलेली प्रार्थना मोठ्याने म्हणते, मग तुमचं नाव घेऊन तीच प्रार्थना मनात म्हणते आणि ‘रेकॉर्ड उघडले’ असं सांगते. त्यानंतर तुम्ही प्रश्न विचारायचे. ‘हो की नाही’ छापाचे आणि ‘कधी होईल’ असे प्रश्न टाळा, असं आधीच सांगितलेलं असतं. ‘या नात्यातून मला काय शिकायचं आहे?’ असे प्रश्न चालतात. उत्तरं ‘मास्टर्स’ आणि ‘टीचर्स’ या अदृश्य मार्गदर्शकांकडून येतात असं मानतात. शेवटी आभाराची प्रार्थना होते आणि रेकॉर्ड बंद होतात.

प्रश्नांवरची ही अट लक्षात ठेवा. ज्या प्रश्नांची उत्तरं पुढे खरी-खोटी करून बघता येतील, नेमके तेच प्रश्न बाजूला पडतात.

‘हे तर आपल्या ऋषिमुनींचंच ज्ञान’ असं आपल्याकडे हमखास ऐकू येतं. आकाश हे पंचमहाभूतांतलं एक, हे खरं. वैशेषिकांनी त्याला शब्द या गुणाचा आधार मानलं, हेही खरं. पण त्यात प्रत्येकाच्या आयुष्याची नोंदवही आहे, असं ते म्हणत नाहीत. कर्मांचा हिशेब आपल्याकडे चित्रगुप्त ठेवतो, तो यमाच्या दरबारात. पतंजलींच्या योगसूत्रांत पूर्वजन्माच्या ज्ञानाचा उल्लेख आहे, पण ते ज्ञान संस्कारांचा साक्षात्कार झाल्यावर होतं, आणि संस्कार असतात चित्तात. परवानगीची प्रार्थना म्हणून दुसऱ्या कुणाची फाइल उघडण्याचा विधी तिथे नाही.

आज जी कल्पना चालते ती थिऑसॉफिकल सोसायटी या गूढविद्येत रमणाऱ्या संस्थेच्या मंडळींनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घडवली. 1875 साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या या सोसायटीचे संस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट 1879 मध्ये मुंबईत आले आणि आपल्या गिरगावात राहिले. त्यांचं ‘द थिऑसॉफिस्ट’ हे मासिक त्याच वर्षी मुंबईतून निघालं. 1882 च्या अखेरीस त्यांनी मद्रासजवळ अड्यारला मुक्काम हलवला. युरोपातल्या गूढविद्येतली ‘सूक्ष्म प्रकाशा’त सगळं उमटून राहण्याची कल्पना आणि आपल्याकडचं आकाशतत्त्व यांची सांगड याच वर्तुळात घातली गेली. पुढे सोसायटीतलेच लेडबीटर, जर्मनीत रुडॉल्फ स्टायनर, अमेरिकेत एडगर केसी अशा अनेकांनी ती वाढवली. कल्पना नवी आहे म्हणून ती खोटी ठरत नाही. पण ऋषींच्या नावावर तिला वजन देऊ नये, एवढं मात्र नक्की.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं उदाहरण. लेव्ही डाउलिंग नावाच्या अमेरिकन गृहस्थाने 1908 मध्ये येशूचं एक सविस्तर चरित्र प्रसिद्ध केलं. बायबलमध्ये नसलेली येशूची मधली वर्षं, त्याचा भारतातला प्रवास, जगन्नाथपुरी, काशी, सगळं त्यात आहे. डाउलिंग यांचा दावा असा, की हे त्यांनी आकाशिक रेकॉर्डमधून पाहून उतरवून घेतलं. पुरीत किंवा काशीत येशू आला होता का, हे तपासायला आपल्याकडे काही साधन नाही. पण पुस्तकाचं पहिलंच वाक्य तपासता येतं. मेरीच्या जन्माच्या वेळी ऑगस्टस सम्राट होता आणि हेरोद अँटिपास जेरुसलेमचा सत्ताधीश होता, असं तिथे म्हटलं आहे.

हे चूक आहे. त्या काळात जेरुसलेमवर राज्य होतं ते अँटिपासच्या बापाचं, थोरल्या हेरोदाचं. तो इसवी सनापूर्वी 4 च्या सुमारास वारला. त्यानंतर मुलांमध्ये वाटण्या झाल्या, तेव्हा अँटिपासच्या वाट्याला गालील आणि पेरिया आले. जेरुसलेम त्याच्या ताब्यात कधीच नव्हतं.

आणि ही चूक कुठल्या जातीची आहे ते बघा. बायबलमध्ये दोन्ही हेरोद येतात. येशूच्या जन्माच्या कथेत थोरला, आणि बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं शिर कापवणारा तो अँटिपास. लहानपणापासून बायबल ऐकलेल्या माणसाच्या डोक्यात या दोघांची सरमिसळ सहज होते. प्रत्यक्ष घडलेलं समोर बघणाऱ्याकडून ती का व्हावी? माझ्या मते ही चूक मजकूर कुठून आला ते सांगते: वाचलेल्या-ऐकलेल्या गोष्टींच्या साठ्यातून. डाउलिंग यांनी मुद्दाम फसवलं, असं मी म्हणत नाही. डोळे मिटून बसल्यावर जे दिसलं ते त्यांना अगदी प्रामाणिकपणे बाहेरून आल्यासारखं वाटलं असेल. मनाची ही ताकद लहान नाही.

मानणारे यावर म्हणतात, रेकॉर्ड अचूकच असतात, वाचणाऱ्याच्या मनाचा रंग मिसळतो. ठीक आहे. पण मग मिसळलेलं कोणतं आणि मूळचं कोणतं, हे ओळखायचं कसं? जिथे पडताळा शक्य आहे तिथे माणसाची चूक, आणि जिथे पडताळा शक्य नाही तिथे रेकॉर्डचं सत्य, अशी वाटणी मला पटत नाही.

अड्यारचा प्रसंगही सांगायलाच हवा. 1909 मध्ये लेडबीटर यांना तिथल्या समुद्रकिनाऱ्यावर कृष्णमूर्ती नावाचा मुलगा दिसला आणि हा पुढे जगद्गुरू होणार असं त्यांनी ठरवलं. मग त्यांनी त्याचे 30 पूर्वजन्म ‘वाचले’, इसवी सनापूर्वी 22,662 पासून इसवी सन 624 पर्यंत. आसपासच्या ओळखीच्या माणसांना ताऱ्यांची नावं देऊन त्या जन्मांमध्ये कुणाचा बाप, कुणाची बायको, कुणाचा शत्रू केलं गेलं. हे जन्म मासिकातून छापून येऊ लागले तशी सोसायटीच्या लोकांमध्ये एकमेकांना विचारपूस सुरू झाली, ‘तुम्ही त्यात आहात का? त्याच्या किती जवळचे होता?’ ज्याला जवळचं नातं मिळालं त्याचा मान वाढला. पुढे 1929 मध्ये स्वतः कृष्णमूर्तींनी त्यांच्यासाठी उभारलेला संघ विसर्जित केला.

आजच्या ग्रुपमध्ये मला हेच थोड्या वेगळ्या रूपात दिसतं. ‘आपलं सोल फॅमिलीचं नातं आहे’ असं कोर्स घेणाऱ्या ताईंनी एखादीला सांगितलं की ती पुढच्या लेव्हलची फी विचार न करता भरते.

‘पण माझ्याबद्दल इतकं अचूक कसं सांगितलं?’ हा प्रश्न मला नेहमी येतो. 1948 मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने आपल्या 39 विद्यार्थ्यांना प्रत्येकाच्या स्वभावाचं वर्णन दिलं आणि ते किती जुळतं याला 5 पैकी गुण द्यायला सांगितलं. सरासरी 4.26 आली. वर्णन सगळ्यांना एकच होतं, आणि त्यातली वाक्यं भविष्याच्या पुस्तकातून उचललेली होती. ‘तुम्ही इतरांसाठी खूप करता, पण स्वतःच्या गरजा मागे ठेवता’ हे वाक्य आपल्याकडच्या कुठल्या बाईला लागू पडणार नाही? त्यात झूमवर आपला चेहरा दिसतो, आवाज कापतो, आपण मध्येच ‘हो, अगदी!’ म्हणतो. समोरचीला पुढचं वाक्य तिथूनच सुचतं, कित्येकदा तिच्याही नकळत.

तरीही कुतूहल असेल तर प्रयोग करून बघा, मी अडवणार नाही. आपल्याकडे त्याचा वस्तुपाठ आहे. डॉ. जयंत नारळीकर यांनी महाराष्ट्रात ज्योतिषाची चाचणी घेतली, त्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरही सहभागी होते. हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळून ज्योतिषांना पाठवल्या, कुठली कुणाची ते ओळखा म्हणून. 27 जणांनी प्रत्येकी 40 पत्रिकांची उत्तरं पाठवली. बरोबर निघाली 46 टक्के, म्हणजे नाणं उडवून जेवढी आली असती साधारण तेवढीच.

तसंच इथेही करता येतं. पाच मैत्रिणी जमवा, शक्यतो साधारण एकाच वयाच्या. रीडरला फक्त पाच नावं द्या. संभाषण नाही, व्हिडिओ नाही, फेसबुक प्रोफाइल नाही. प्रत्येकीचं रीडिंग लेखी मागवा. ज्या सहावीला कशातच रस नाही तिच्याकडून वरची नावं काढून टाका, मजकुरात ‘तुमचे यजमान’ किंवा ‘तुमची नोकरी’ असे धागे असतील तर तेही झाकायला सांगा. मग पाचही कागद प्रत्येकीला द्या आणि आपला कोणता ते स्वतंत्रपणे निवडायला लावा. नुसत्या अंदाजाने सरासरी एकीचा कागद बरोबर निघेल. दोघींचा निघाला तरी हुरळून जाऊ नका, तेही योगायोगाने बऱ्याचदा होतं. पाचही जणींनी आपापला कागद ओळखला, आणि नवीन पाच जणींबरोबर पुन्हा तसंच झालं, तर मला जरूर कळवा. मी मनापासून ऐकेन.

चाचणी नको, फक्त मन मोकळं करायचंय असंही कुणी म्हणेल. माझ्या एका मैत्रिणीला ‘बाबांचा तुझ्यावर राग नाही’ एवढं ऐकून कित्येक महिन्यांनी शांत झोप लागली. ते समाधान खरं होतं, त्याला मी हात लावणार नाही. पण त्याच रीडरने दुसऱ्या एकीला सांगितलं, की नवऱ्याशी तिचा मागच्या जन्मीचा ‘सोल कॉन्ट्रॅक्ट’ आहे, तो पूर्ण होईपर्यंत सहन करणं हाच तिचा धडा. तिचा नवरा तिच्यावर हात उगारत होता. ती माहेरी जायला निघाली होती, ती थांबली. हे ऐकल्यापासून मला गप्प बसवत नाही.

कुणा जिवंत माणसाला मागच्या जन्मीचा वैरी ठरवणारं, मार सहन करायला सांगणारं, डॉक्टरांची गोळी बंद करायला लावणारं रीडिंग असेल तर कॉल तिथेच बंद करा, पैसे भरलेले असले तरी. आणि पैसे भरण्याआधी रीडरला एवढंच विचारा: ‘तुमचं सांगणं चुकलं तर ते चुकलं हे आपल्या दोघींना कळायचं कसं?’ याचं सरळ उत्तर देता येत नसेल तर तिच्याकडे जाऊ नका.