दमट हवा हलकी कशी? एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: "ताई, तुमचा हवेच्या घनतेचा लेख वाचला. पावसाळ्यातली दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी, हे पटत नाही. चादर ओली झाली की जड होते, मग हवेत पाणी मिसळल्यावर वजन कमी कसं होईल? दुसरं, पुस्तकात हवेची घनता १.२९ आहे, मी वर्षानुवर्षं तीच शिकवली. तुम्ही इंदूरसाठी १.०८ लिहिलीत. मोबाईलवर दाब १००२ दिसतो, तुम्ही ९४१ धरलात. आणि वजनाच्या टक्केवारीने हवेचा सरासरी रेणुभार २९.१ येतो, तुमचा २८.९७. मुलं वाचतात हे, आकडे नीट तपासत जा."

काका, नमस्कार. तुम्ही लेख इतक्या बारकाईने वाचलात, आकडेमोड करून पाहिलीत, म्हणून उत्तरही सविस्तर देते.

चादरीपासूनच सुरुवात करू. चादर ओली होते तेव्हा पाणी येतं, पण सुताचा एकही धागा बाहेर जात नाही. जे होतं ते तसंच आणि वर पाणी, म्हणून वजन वाढतं. हवेत वाफ मिसळते तेव्हा असं होत नाही. आपल्या भोवतालची हवा कोंडलेली नसते. तिच्यावरचा दाब वरच्या सगळ्या हवेच्या वजनाने ठरतो आणि तो वाफ आली म्हणून बदलत नाही. दाब आणि तापमान तेच असेल तर एका घनमीटरमध्ये मावणाऱ्या रेणूंची संख्याही तेवढीच राहते, मग ते रेणू कोणत्याही वायूचे असोत. अ‍ॅव्होगाड्रोने १८११ साली मांडलेली कल्पना ती हीच. म्हणजे वाफेचा एक रेणू त्या घनमीटरमध्ये आला तर हवेचा एक रेणू तिथून बाहेर सरकलाच पाहिजे. पाण्याचा रेणुभार १८.०२ आणि जाणाऱ्या हवेचा सरासरी २८.९७. हलका आला, जड गेला.

लेखात मी जुलैतल्या इंदूरच्या एका संध्याकाळचं उदाहरण घेतलं होतं: तापमान २७ अंश, सापेक्ष आर्द्रता ९० टक्के, दाब ९४१ हेक्टोपास्कल. ते इथे ग्रॅममध्ये मांडते, म्हणजे अदलाबदल डोळ्यांसमोर येईल. २७ अंशांना पाण्याचा संपृक्त बाष्पदाब सुमारे ३५.७ हेक्टोपास्कल असतो. त्याचे ९० टक्के म्हणजे ३२.१. एकूण दाबात वाफेचा वाटा इतका, म्हणजे तिचा मोल-अंश ३२.१ भागिले ९४१, अर्थात ०.०३४१. शंभर रेणूंत साडेतीनच्या आतबाहेर रेणू पाण्याचे. एका घनमीटरमध्ये या वाफेचं वजन भरतं २३ ग्रॅम. तिने जागा घेतली नसती तर तिथे कोरडी हवा असती आणि तिचं वजन भरलं असतं ३७ ग्रॅम. २३ आले, ३७ गेले, घनमीटरमागे १४ ग्रॅमची घट. तुम्ही म्हणता ते पाणी हवेत आलंय, त्याचं वजनही मोजलंय. फक्त त्याच्यासाठी जे बाहेर गेलं, तेही वजाबाकीत धरावं लागतं.

हेच मोल-अंशांनी केलं तर मिश्रणाचा सरासरी रेणुभार २८.९७ मधून ०.०३४१ गुणिले १०.९५ वजा करून मिळतो. १०.९५ हा हवेच्या आणि पाण्याच्या रेणुभारातला फरक. उत्तर येतं २८.६०. मग घनतेचं नेहमीचं सूत्र:

```
ρ = P M / (R T)
```

दाब ९४,१०० पास्कल, रेणुभार किलोग्रॅममध्ये ०.०२८६०, R म्हणजे ८.३१४, तापमान ३००.१५ केल्विन. घनता १.०७८ किलो प्रति घनमीटर. त्याच दाबाला आणि तापमानाला कोरडी हवा १.०९२ भरते. फरक तोच, १४ ग्रॅम.

एका परिस्थितीत मात्र तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, आणि मुलांना तीही सांगायला हवी. एखादा पक्का बंद लोखंडी पिंप घ्या, त्यात कोरडी हवा आहे, आणि आत पाणी सोडून त्याची वाफ होऊ दिली. आता बाहेर कोणी जाऊ शकत नाही. घनता २३ ग्रॅमने वाढेल आणि दाबही ९४१ वरून ९७३ च्या आसपास चढेल. म्हणून "दमट हवा हलकी" हे वाक्य "तोच दाब, तेच तापमान" या अटीशिवाय म्हणूच नये. आपलं घर, गच्ची, रामबागेतली गल्ली, सगळीकडे ही अट पाळली जाते, कारण दारं-खिडक्या पिंपासारख्या हवाबंद नसतात.

धुक्याचं काय, हा प्रश्न यानंतर येणारच. धुक्यात पाणी थेंबांच्या रूपात असतं. थेंब हे वायू नाहीत, ते रेणूंच्या अदलाबदलीत भाग घेत नाहीत, त्यांचं वजन खरोखर वर मिळवावं लागतं. पण दाट धुक्यातही हे द्रवरूप पाणी घनमीटरमागे ग्रॅमच्या अंशातच असतं. जानेवारीतली धुक्याची हवा जड असते ती मुख्यतः गार असल्यामुळे. शिवाय गार हवेत वाफ मावतेच कमी: १० अंशांना संपृक्त बाष्पदाब जेमतेम १२ हेक्टोपास्कल, त्यामुळे दमटपणाने येणारा हलकेपणा तेव्हा अर्ध्या टक्क्याच्या घरात राहतो. पावसाळ्यात तो सव्वा टक्का होतो. सव्वा टक्का म्हणजे किती, तर जुलैतल्या त्या संध्याकाळची हवा घनतेच्या बाबतीत ३१ अंशांच्या कोरड्या हवेइतकी वागते. प्रत्यक्षात ती २७ अंशांवर आहे. ढग कुठे उठतील याचा हिशेब करताना हवामानवाले हे चार अंश सोडत नाहीत.

आणि दमट दिवशी हवा "जड" वाटते ती वजनामुळे नाही. घाम वाळत नाही, म्हणून अंग जड होतं. हा अनुभव खरा आहे, पण त्याचा घनतेशी संबंध नाही.

आता १.२९. हा आकडा अगदी बरोबर आहे, पण तो ० अंश सेल्सिअस, १०१३.२५ हेक्टोपास्कल आणि कोरडी हवा यांचा आहे. याच सूत्रात घालून बघा, १.२९३ येतं. इंदूरच्या जुलैत यातली एकही अट लागू नाही. १.२९३ पासून १.०७८ पर्यंत आपण तीन पायऱ्यांनी उतरतो. दाब ९४१ असल्यामुळे ०.९२९ ने गुणायचं, तापमान ३०० केल्विन असल्यामुळे ०.९१० ने, आणि वाफेमुळे ०.९८७ ने. तिन्हींत सगळ्यात मोठा हात तापमानाचा, त्याच्या मागोमाग दाब, आणि ज्या वाफेवरून आपला वाद चाललाय तिचा सगळ्यात छोटा. पुस्तकातल्या आकड्याखाली अटी बारीक अक्षरांत असतात आणि पाठ करताना त्या गळतात. माझ्या मते वर्गात १.२९ सांगताना "शून्य अंशांना, समुद्रसपाटीला" हे शब्द त्याला चिकटूनच बोलले पाहिजेत.

दाबाचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण चांगले विद्यार्थीही तिथेच फसतात. मोबाईलवरच्या हवामानाच्या पानावर जो दाब दिसतो तो तुमच्या गच्चीवरचा नसतो, तो समुद्रसपाटीला आणलेला असतो. मुंबई, इंदूर आणि श्रीनगरचे दाब एका नकाशावर तुलना करण्याजोगे व्हावेत म्हणून प्रत्येक ठिकाणच्या मोजलेल्या दाबात उंचीचा हिशेब मिळवून तो छापतात. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे. २७ अंशांच्या आसपास हवेचा दाब दर १०० मीटरला साधारण १.१ टक्क्याने घटतो, म्हणून १००२ चे इथे ९४१ होतात. १००२ तसाच सूत्रात घातला तर घनता १.१५ च्या जवळ येते, म्हणजे साडेसहा टक्क्यांची चूक. वाफेमुळे पडणाऱ्या फरकाच्या पाचपट! वाफेचा हिशेब काटेकोर करायचा आणि दाब भलताच घालायचा, तर सगळी मेहनत वाया. चूक ओळखायची खूण सोपी आहे: इंदूरसाठी कोणी हजाराच्या आसपासचा दाब वापरला असेल, तर तो समुद्रसपाटीचा आहे असं खुशाल समजा.

राहिला रेणुभार. तुमची २९.१ ची बेरीज मी करून पाहिली, बेरीज बिनचूक आहे, पण ती सरासरी वेगळ्याच गोष्टीची आहे. सरासरी रेणुभार म्हणजे एकूण वजन भागिले एकूण मोल. म्हणून प्रत्येक रेणूला समान मत हवं, आणि ते मोल-अंश देतात: नायट्रोजन ०.७८०८, ऑक्सिजन ०.२०९५, आरगॉन ०.००९३, कार्बन डायऑक्साइड ०.०००४. आपापल्या रेणुभाराने गुणून बेरीज २८.९७. वजनाची टक्केवारी वापरली की जड वायूला त्याच्या संख्येपेक्षा जास्त मत मिळतं, आणि सरासरी वर सरकते. तुमच्याकडे वजनाचीच टक्केवारी असेल तर गुणू नका, भागा. १०० ग्रॅम हवेत नायट्रोजन ७५.५२ ग्रॅम, म्हणजे २.६९६ मोल. ऑक्सिजन २३.१४ ग्रॅम, ०.७२३ मोल. आरगॉन १.२८ ग्रॅम, ०.०३२ मोल. कार्बन डायऑक्साइड ०.०६ ग्रॅम, ०.००१ मोल. एकूण ३.४५२ मोल. १०० भागिले ३.४५२, पुन्हा २८.९७. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी यायलाच हव्यात. नाही आल्या तर कुठेतरी गुणाकार-भागाकाराची गल्लत झाली.

हे सगळं आदर्श वायूच्या सूत्रावर उभं आहे, पण आपल्या दाबाला आणि तापमानाला हवा त्यापासून हजारात एका भागाहूनही कमी ढळते. १४ ग्रॅमचा फरक त्यात बुडत नाही.

बऱ्याच मोबाईलमध्ये दाब मोजणारा सेन्सर असतो. तो वाचणारं एखादं साधं अ‍ॅप टाकून घरातला आकडा पाहा, हवामानाच्या पानावरचा नव्हे. पावसाळ्यात तो ९४० च्या आगेमागे असेल. मग जानापावच्या डोंगरावर जाण्याचा योग आला की तिथेही पाहा, चढाच्या दर १०० मीटरला दहा-अकरा हेक्टोपास्कल कमी होताना दिसतील. दोन्ही ठिकाणचं तापमान आणि आर्द्रता टिपून ठेवलीत तर ते आकडे इथेच कळवा. जानापावच्या हवेची घनता आपण याच प्रतिक्रियांमध्ये मांडून पाहू.