१ मिनिट ४० सेकंदांच्या रीलबद्दल

★★
"१२,००० रुपये भरले आणि हातात पडली १ मिनिट ४० सेकंदांची अभिनयाची शोरील. राज्य नाट्य स्पर्धेतल्या नाटकाचं अख्खं रेकॉर्डिंग दिलं होतं, त्यातलं एक सेकंदही घेतलं नाही. म्युझिक नाही, इफेक्ट नाही. मित्राची साडेचार मिनिटांची रील यापेक्षा कितीतरी भारी आहे. मुंबईत कास्टिंगसाठी सहा ठिकाणी लिंक पाठवली, एकाचंही उत्तर नाही. आता कळतंय की नाट्यशाळेच्या अर्जाला ही चालतही नाही. सांगलीकरांनो, विचार करून जा."

स्टुडिओकडून उत्तर:

नमस्कार. तुमचं लिहिलेलं काल रात्री वाचलं आणि आधी एकच गोष्ट केली. तुम्हाला दिलेली ड्राइव्हची लिंक माझ्या मुलीच्या फोनवर उघडून बघितली, कारण त्या फोनवर आमच्या स्टुडिओचं खातं नाही. व्हिडिओ दिसलाच नाही. `You need access` एवढंच आलं आणि खाली `Request access` चं बटण.

ड्राइव्हवर फाईल चढवली की ती `Restricted` असते. बाहेरच्या माणसाला दिसायची असेल तर शेअरिंगमध्ये जाऊन `Anyone with the link` निवडावं लागतं. आमच्याकडून ते राहिलं. परवानगी दिली ती फक्त तुमच्या जीमेलला. म्हणून तुमच्या फोनवर रील रोज व्यवस्थित चालत होती आणि तुम्ही पाठवलेल्या सहाही ठिकाणी बंद दार होतं. याहून वाईट पुढे आहे आणि तेही इथेच लिहितो. अशी परवानगीची मागणी फाईलच्या मालकाला मेलने येते. फाइली चढवण्यापुरतं वापरतो त्या आमच्या जीमेलमध्ये तुमच्या रीलसाठी आलेल्या दोन मागण्या पडून होत्या, एक अकरा दिवसांपूर्वीची, दुसरी नऊ. म्हणजे सहापैकी निदान दोन ठिकाणी कुणीतरी तुमची रील बघायला बसलं होतं आणि त्यांना ती आमच्यामुळे बघता आली नाही. याबद्दल मी तुमची मनापासून माफी मागतो.

त्या दोघांना रात्रीच लिंक उघडून दिली आणि चूक स्टुडिओची होती, कलाकाराची नव्हे, असं स्पष्ट लिहून पाठवलं. उरलेल्या चार ठिकाणी नवी लिंक तुम्हीच पाठवा, मजकूर तुम्हाला व्हॉट्सअॅपवर दिला आहे. ती पाठवण्याआधी घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर उघडून बघा. आणि फाईल थेट व्हॉट्सअॅपवर टाकू नका. तिथे व्हिडिओ दाबला जातो आणि चेहऱ्यावरचं बारीक काम आधी जातं.

लिंकची चूक आमची होती. पण रील लहान केली आणि नाटक घेतलं नाही, ते मी विचार करून केलं आणि आजही तसंच करेन. का, ते सविस्तर सांगतो, कारण ते त्या दिवशी नीट समजावून सांगायला मी कमी पडलो.

आधी नाटक. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ज्या गावात मराठी नाटक उभं केलं, त्या गावात बसून रंगमंचावरचं काम हलकं आहे असं मी म्हणणार नाही. तुमचं ते काम मी पूर्ण, १ तास ५० मिनिटं बसून बघितलं. दुसऱ्या अंकातला बापाशी भांडणाचा प्रवेश तर दोनदा. अडचण कामाची नाही, कॅमेऱ्याच्या जागेची आहे. तो शेवटच्या रांगेमागे ट्रायपॉडवर होता आणि त्यात अख्खा रंगमंच मावतो. चित्र १०८० पिक्सेल उंचीचं. त्यात उभा माणूस साडेतीनशेच्या आसपास आणि त्याचा चेहरा जेमतेम पन्नास. तो मोठा करायला गेलो की डोळ्यांच्या जागी दोन डाग उरतात. शिवाय काळोखा रंगमंच बघून कॅमेऱ्याने आपोआप उजेड वाढवला होता, त्यामुळे स्पॉटमध्ये आलात की तुमचा चेहरा पांढराफटक पडतो. पांढरा पडलेला भाग एडिटिंगमध्ये परत आणता येत नाही, कारण तिथे नोंदच झालेली नसते. आवाज कॅमेऱ्याच्याच माइकचा, म्हणजे तुमच्या शब्दांवर हॉलचा घुमारा आणि जवळच्या रांगेतला खोकला.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण रील बघणारा माणूस तुमचं नाटक कसं झालं हे शोधत नसतो. हा चेहरा कॅमेऱ्यासमोर विचार करताना कसा दिसतो आणि आवाज कसा आहे, एवढंच त्याला हवं असतं. शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायला केलेलं काम तो मोबाइलवर बघतो तेव्हा ते ओरडल्यासारखं दिसतं. ज्या कामाने तुम्हाला इथे टाळ्या मिळाल्या, तेच तिथे तुमच्या विरोधात गेलं असतं.

आता लांबीचं. तुम्ही दिलेल्या लघुपटातला दुकानातला प्रसंग मूळ ४१ सेकंदांचा आहे. त्यातले पहिले १२ सेकंद कॅमेरा दुकानदाराचं काम करणाऱ्या कलाकारावर आहे आणि त्यांनी ते फार छान केलंय. तुम्हाला ओळखणारा माणूस तुमची वाट बघेल. पण मुंबईत बसलेल्या माणसाला यातले तुम्ही कोण, हेच माहीत नसतं. रीलमध्ये पहिला दिसेल तो उमेदवार असं तो धरून चालतो आणि पंधरा-वीस सेकंदांत पुढे जायचं की नाही ते ठरवतो. म्हणून तीन सेकंद तुमचं नाव, आणि लगेच तुमचा चेहरा. प्रसंग तुम्ही उधारीची वही उचलता तिथून सुरू केला, दुकानदाराचं बोलणं बऱ्याच ठिकाणी तुमच्या ऐकणाऱ्या चेहऱ्यावर ठेवलं आणि तुम्ही वही मिटता तिथे थांबलो. ४१ चे २२ सेकंद झाले. त्यात तुमचं काही कापलेलं नाही, ते तुम्ही मूळ प्रसंग शेजारी लावून तपासू शकता.

संगीत याच कारणाने नाही. संगीताखाली झटपट बदलणारे तुकडे बघायला छान वाटतात, पण त्यात तुमचा आवाज ऐकू येत नाही आणि एकही भाव पूर्ण होत नाही. तुमच्या मित्राची रील मी बघितलेली नाही, त्यामुळे तिच्याबद्दल बोलत नाही. एवढंच सांगतो, की ज्याच्याकडे सात-आठ मालिकांतलं वा सिनेमांतलं दाखवण्यासारखं काम आहे त्याची रील तीन मिनिटांपर्यंत गेली तरी चालते. आपल्याकडे कॅमेऱ्यासमोरचं खरंखुरं काम एका लघुपटातलं होतं. म्हणून दोन प्रसंग आपण स्वतः लिहून चित्रित केले आणि तुमच्या १२,००० पैकी मोठा भाग त्या अर्ध्या दिवसाचा होता.

त्यातला द्राक्षाचा व्यापारी पैसे बुडवून पळाल्याचं वडिलांना सांगण्याचा प्रसंग आठवतो ना? मुद्दाम तासगावकडच्या बोलीत लिहिला होता, कारण ती तुमच्या तोंडात आहे आणि मुंबईतल्या दहा उमेदवारांच्या नाही. वडिलांचे संवाद म्हणायला आमच्या माणसाला लेन्सच्या डावीकडे, वीतभर अंतरावर, तुमच्या नजरेच्या उंचीला बसवलं होतं. त्याने दोन्ही डोळे दिसतात आणि तुम्ही लेन्सकडे बघतही नाही. तो जरा दूर बसला असता तर अर्धा चेहरा गेला असता. तिसऱ्या टेकला तुम्ही "व्यापारी पळाला, आबा" म्हणताना हात उचलला होता, आवाज भरून आला होता, आणि तो टेक तुम्हाला आवडला होता. मी सातवा घेतला. त्यात तुम्ही पासबुकाच्या कोपऱ्यावर अंगठा घासत राहता, बोलायला तोंड उघडता आणि आधी गिळता. मग ते वाक्य जवळजवळ स्वतःशीच येतं. "मी तर काहीच केलं नाही," असं तुम्ही तेव्हा म्हणालात. मॉनिटरवर मात्र खोलीतले आम्ही तिघंही गप्प झालो होतो. तो टेक रीलमध्ये सगळ्यात पुढे असायला हवा, लघुपटाच्याही आधी, असं काल परत बघताना वाटलं. तो क्रम बदलून नवी फाईल केली आहे. जुनी राहू द्या म्हणालात तर जुनी ठेवतो.

नाट्यशाळेबद्दल तुम्ही बरोबर आहात, आणि ते मी सुरुवातीलाच विचारायला हवं होतं. आमच्या फॉर्मवर "रील कशासाठी हवी" हा प्रश्नच नव्हता, तो आज घातला. कास्टिंगसाठीची रील आणि प्रवेशासाठीचा व्हिडिओ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिकवणाऱ्यांना आमचं एडिटिंग बघायचं नसतं. पुण्याचं ललित कला केंद्र असो, एफटीआयआय असो की दिल्लीची एनएसडी, अशा ठिकाणी शेवटी माणसाला समोर उभं करूनच पारखतात. जिथे आधी व्हिडिओ मागतात तिथे सहसा एक स्वगत, न कापता, एका टेकमध्ये लागतं. कॅमेरा हलत नाही, संगीत नाही, आणि अनेकदा पायापर्यंत दिसावं अशी अट असते, कारण शरीर कसं वापरता तेही बघायचं असतं. म्हणजे आपण रीलसाठी छातीपर्यंतची जी चौकट ठेवली ती तिथे उपयोगाची नाही, आणि ज्या रंगमंचीय ताकदीला मी रीलमध्ये आवर घातला ती तिथे लागेल. भाषा, लांबी, नाव-वय आधी सांगायचं की नाही, हे त्या-त्या वर्षीच्या सूचनेत असतं. ती सूचना मला पाठवा, मी शब्द न् शब्द वाचून मगच कॅमेरा लावेन.

ओळखीचा ४० सेकंदांचा व्हिडिओ, ज्यात नाव, वय, उंची, गाव, भाषा आणि चेहऱ्याच्या दोन्ही बाजू आहेत, तो कास्टिंगपुरता ठीक आहे. त्याची वेगळी लिंक रीलच्या खालीच टाकली आहे आणि तीही त्या दुसऱ्या फोनवर उघडून बघितली आहे.

स्वगताचं चित्रीकरण आमच्याकडून, पैसे न घेता. तुम्ही त्या भांडणाच्या प्रवेशातलं शेवटचं बोलणं करावं असं मला वाटतं. ते बापाला उद्देशून असलं तरी सलग आहे आणि एकट्याला पेलतं, पण निवड तुमची. येत्या रविवारी सकाळी साडेसातला या, साध्या एकरंगी कपड्यांत, अनवाणी उभं राहायची तयारी ठेवून. नऊनंतर शेजारच्या वर्कशॉपमधला ग्राइंडर सुरू होतो, आणि एका टेकमध्ये तो आवाज कापून काढता येत नाही.